आरशात पाच, खोलीत तीन

माझी चूक कुणी दाखवली की मी आधी चिडते, मग भांडते, आणि दोन दिवसांनी गुपचूप ती सुधारते. आई म्हणते, श्रद्धाचा राग नाकावर आणि अक्कल गुडघ्यात. तिचं निम्मं खरं आहे. आष्ट्याच्या नाथाजीमामांनी मात्र मला भांडायलाही जागा ठेवली नाही, म्हणून ही गोष्ट सांगते आहे.

माझा धंदा चित्रांचा. एखादं घर, दुकान, हॉटेल बांधून झाल्यावर आतून कसं दिसेल, ते मी आधीच संगणकावर करून दाखवते. सांगलीत विश्रामबागला आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. गिऱ्हाईक येतं, आई चहा देते, आणि मी गिऱ्हाइकाला अजून न झालेली भिंत दाखवते. पंधरा वर्षं हेच करते आहे, आणि चांगलं करते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संयोगिता एका सोमवारी सकाळी आली. आष्ट्याहून एसटीनं आली होती. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, पण भुवया अशा कोरलेल्या की मी बोलता बोलता माझ्या भुवयांवर हात फिरवला. तिनं ते पाहिलं आणि हसणं गिळलं. तिथंच ती मला आवडली.

तिचा नवरा वीरधवल फौजेत, सध्या राजस्थानात. ती घरी सासू-सासऱ्यांजवळ. सांगलीत वर्षभर पार्लरचं काम शिकली आणि गेली तीन वर्षं आष्ट्यात घरच्या मधल्या खोलीत नवऱ्या सजवत होती. लग्नसराईत नवरीबरोबर तिची आई, मावशी, दोन करवल्या अशा सगळ्या यायच्या. दारात चपलांचा ढीग पडायचा आणि सासरे, म्हणजे नाथाजीमामा, उठून गोठ्यात जाऊन बसायचे.

"मामा कधी काही बोलत न्हाईत, ताई," ती म्हणाली. "पण म्हातारा माणूस स्वतःच्या घरात असा किती दिवस गोठ्यात बसणार? मलाच बरं वाटंना."

घराला लागून रस्त्याकडेला त्यांचा एक गाळा होता. दिवाळीपासून रिकामा. तो तिला पार्लरसाठी हवा होता. पण एक खत-बियाण्यांवाले गृहस्थ तोच गाळा भाड्यानं मागत होते, आणि मामा त्यांना येत्या रविवारी शब्द देणार होते. संयोगितानं धीर करून विषय काढला तेव्हा मामा एवढंच म्हणाले होते, "तुजं दुकान कसं दिसणार ते मला दाव. नुसतं तोंडानं सांगू नगं."

"म्हणून आले," ती म्हणाली, आणि वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. अकरा फूट रुंद, अठरा फूट खोल. रस्त्याकडे शटर. आत तीन खुर्च्या, आरसे. खाली तिनं पेनानं लिहिलं होतं, 'उजेड असा की बाईला आपला चेहरा आवडला पाहिजे.'

मी म्हटलं, बुधवारी मिळेल.

आता माझं पाप सांगते. त्या आठवड्यात एका बिल्डरचं मोठं काम माझ्या डोक्यावर होतं. खरी रीत अशी, की मापं घेऊन अख्खी खोली संगणकात उभी करायची. भिंती, खुर्च्या, आरसे, दिवे, सगळं जागच्या जागी ठेवायचं, आणि मग संगणक हिशेब करून दाखवतो की उजेड कुठून कुठं जाईल आणि आरशात काय दिसेल. त्याला दोन-तीन दिवस लागतात. पण हल्ली चार ओळी लिहून दिल्या की एआय अर्ध्या मिनिटात स्वतःच चित्र रंगवून देतं. मी ते कल्पना सुचायला वापरते, गिऱ्हाइकाला द्यायला नाही. त्या दिवशी दिलं. लिहिलं, छोटं ब्यूटी सलून, तीन खुर्च्या, मोठे आरसे, मऊ उजेड. समोर आलं ते इतकं देखणं होतं की मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही. फिकट गुलाबी खुर्च्या, सोनेरी कडांचे आरसे, आणि सगळ्यांवर मधासारखा उजेड. मोठ्या कागदावर छापलं, वर टाइप केलं, 'ब्यूटी सलून, आष्टा'.

संयोगितानं ते बघितलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "ताई, तुमीच येऊन दाखवा," ती म्हणाली. "मला बोलायला जमणार न्हाई."

म्हणून बुधवारी दुपारी मी स्कूटरवरून तिच्या एसटीच्या मागोमाग आष्ट्याला गेले, छाती पुढे काढून.

नाथाजीमामा ओसरीवर खाटेवर बसले होते. सत्तरीचे, काटक, मिशा पांढऱ्या पण धारदार. तोफखान्यात सुभेदार होऊन निवृत्त झालेले. शेजारी जमिनीवर बनुबाई, म्हणजे संयोगिताच्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. संयोगिता त्यांना आत्या म्हणायची. मी चित्र खाटेवर पसरलं.

मामांनी चष्मा लावला आणि आधी वरचं वाचलं. "सलून?"

"हो."

"म्हंजे गड्यांच्या दाढ्या करणार व्हय आमची सूनबाई?"

बनुबाईंनी शेंग खाली ठेवली. "आवं, शहरात तसं म्हणत असत्याल. पार्लर हाय ते."

"मग पार्लर लिवावं," मामा म्हणाले. रागानं नाही, कागदपत्रातली चूक दाखवावी तसं. मी हसून म्हटलं, बदलते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला चित्र आवडलंय, उगीच खोडी काढतोय.

मग ते बोट ठेवून मोजू लागले. ओठ हलत होते. एकदा मोजलं, परत मोजलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"खुर्च्या किती?"

"तीन," मी म्हटलं.

"खोलीत तीन. आरशात पाच हायत."

मी वाकून बघितलं. खरंच पाच होत्या. तीन खऱ्या खुर्च्यांच्या मागे आरशात पाच खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यातल्या शेवटच्या खुर्चीला तर पायच नव्हता, ती नुसती तरंगत होती. आरशाखालच्या फळीवर चार बाटल्या आणि आरशात नऊ.

"आणि ही बघा," मामांचं बोट पुढे सरकलं. "ही खुर्ची आरशाकडं तोंड करून हाय. आपल्याला तिची पाठ दिसती. बराबर?"

"बरोबर."

"मग आरशात तिचं तोंड दिसाय पायजे. हितं आरशात बी पाठ, भायेर बी पाठ. बाई बसली तर तिला आरशात आपला अंबाडा दिसंल."

बनुबाई फिसकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. मी सवयीप्रमाणे भांडायला तोंड उघडलं. "मामा, हे नुसतं कल्पनाचित्र असतं. त्यात एवढं..."

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अजूनही मऊच होता, "मी सव्वीस वर्षं दुर्बिणीतनं मोजायचं काम केलंय. समोर काय हाय ते सांगायचं, न्हाई ते सांगायचं न्हाई. तुमी तीनच्या पाच केल्या. मग अकरा फुटात हे मावंल, हे तरी मी कशावरनं धरू?"

चित्रातली खोली अकरा फुटांची नव्हतीच. कुठल्याच फुटांची नव्हती.

त्यांनी चित्राची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "रविवारी सकाळी त्यो खतवाला येणार हाय," ते संयोगिताला म्हणाले. "माझं म्हणणं न्हाई की तू करू नगंस. पण नुसतं रंगीत बघून मी गाळा देणार न्हाई." आणि छडी घेऊन ते मळ्याकडे निघून गेले.

संयोगिता खांबाला टेकून उभी होती. रडली नाही, तक्रार केली नाही. "ताई, च्या ठेवू?" एवढंच म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पंधरा वर्षं मी हे काम करते आणि एका मुलीच्या अख्ख्या आयुष्याची गोष्ट मी अर्ध्या मिनिटात उरकली होती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिथंच म्हटलं, "चूक माझी आहे. खोली मी बघितलीच नाही. गाळा उघड."

गाळा म्हणजे तीन नागड्या भिंती, कोबा, आणि कधीकाळी ठेवलेल्या खताचा राहिलेला वास. मी टेप काढला. अकरा फूट म्हणजे खरे दहा फूट आठ इंच निघाले. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं मोजून वहीत घेतलं. मग संयोगिताला विचारलं, आरसे कुठं लावायचे होते मनात?

"समोरासमोर, दोन्ही भिंतींना," ती म्हणाली. "कोल्हापूरला एका पार्लरात बघितलंवतं. लय मोठं वाटतं."

"घरात सुटा आरसा आहे?"

एक तिच्या कामाचा होता, अडीच फुटी. दुसरा बनुबाईंच्या खोलीतून आणला. बनुबाई आरशामागोमाग स्वतः आल्या, फुटला तर म्हणून. मी एक आरसा उजव्या भिंतीला धरायला लावला, दुसरा डाव्या, आणि मध्ये घरातली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

"बघ आता."

संयोगितानं बघितलं. आरशात आरसा, त्यात खुर्ची, त्यात परत आरसा, परत खुर्ची, अशी रांगच लागली होती, आत आत बारीक होत गेलेली.

"आगं बया," बनुबाई म्हणाल्या, "एस्टी स्टँडच झालं की."

"तीन खुर्च्यांच्या जागी खरोखरच तीस दिसतील," मी म्हटलं. "बसलेल्या बाईला सगळीकडून सगळ्या बायकांची डोकी. चेहरा बघायचा तर सापडणार नाही."

मग आम्ही आरसा मागच्या भिंतीला लावून बघितला. त्यात उघड्या शटरमधून अख्खा रस्ता आला. समोरचं पानाचं दुकान आणि त्यापुढे उभे असलेले चार बाप्ये, सगळे आरशात. म्हणजे तेही आम्हाला बघणार. संयोगितानं नकारार्थी मान हलवली.

राहिली एक बाजू. उजव्या भिंतीला तिन्ही आरसे, आणि समोरची डावी भिंत कोरी, नुसता फिकट, चमक नसलेला रंग. आरशासमोर कोरी भिंत असली की आरशात बाई दिसते, तिच्या मागची भिंत दिसते, बस्स. तिन्ही आरसे एकाच भिंतीवर सपाट लावले तर एका खुर्चीचं आरशात एकच प्रतिबिंब पडतं. कोपऱ्यात उभं राहिलं तर एखादी खुर्ची आरशातून निसटेल, अर्धीच दिसेल. म्हणजे आरशात कमी दिसू शकतात, पण जास्त कधीच नाहीत. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि मी ते विसरून बसले होते.

"फळीवर बाटल्या किती ठेवणार?" मी विचारलं.

"असतील तेवढ्या. वीस-पंचवीस."

"आरशाला लागून ठेवल्यास पन्नास दिसतील. गर्दी वाटेल. चार ठेव, बाकीच्या कपाटात."

ती भराभर लिहून घेत होती. मग तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या चुकीबद्दल बोलली. "ताई, त्या चित्रातला उजेड बी चालणार न्हाई. दिसायला लय छान, पण पिवळा होता. पिवळ्या उजेडात फाउंडेशनचा रंग कळत न्हाई. हितं नवरी गोड दिसती, आणि हॉलच्या पांढऱ्या उजेडात गेली की पीठ थापल्यावानी. मग माझं नाव जातं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी एवढं छान केलंवतंसा," ती म्हणाली.

मी वहीत लिहून घेतलं, उजेड पांढरा.

उजेड बघायला एक चेहरा हवा होता. बनुबाई दाराशी उभ्या होत्याच. "आत्या, बसा," संयोगिता म्हणाली. त्या नको नको म्हणत बसल्या, पदर सारखा केला, गुडघ्यांवर हात ठेवले, जसं दवाखान्यात बसतात. आम्ही शटर खाली ओढलं. वर छताला एकच बल्ब होता, तो लावला. वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांखाली काळे खड्डे पडले, नाकाची सावली ओठांवर आली. बनुबाईंनी आरशात एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली.

"म्हातारं झाल्यावर काय बघायचंय," त्या म्हणाल्या.

"थांबा जरा."

संयोगिताकडे नवरीच्या फोटोसाठी दोन एलईडी नळ्या होत्या, पांढऱ्या पण डोळ्यांना न बोचणाऱ्या. आम्ही त्यांच्यावर माझ्याजवळचा ट्रेसिंग पेपर गुंडाळला आणि आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूला, बसलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर, उभ्या धरल्या. बल्ब बंद केला. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आला आणि सावल्या गेल्या. सुरकुत्या होत्याच, पण आता त्या खड्डे वाटत नव्हत्या, बनुबाईंच्याच वाटत होत्या. कपाळावरचं हिरवं गोंदण स्पष्ट दिसू लागलं. डोळे किती मोठे आहेत ते मला तेव्हा कळलं.

बनुबाई कितीतरी वेळ आरशात बघत राहिल्या. "मी अजून अशी हाय व्हय," त्या हळू म्हणाल्या.

संयोगितानं नळी धरलेली होती, म्हणून तिला डोळे पुसता आले नाहीत. ते मी पुसले, तिचे. नंतर मोबाइल काढला आणि बनुबाईंचा समोरून एक फोटो घेतला.

गुरुवार, शुक्रवार मी बिल्डरचा फोन उचलला नाही. दहा फूट आठ इंचांची खोली संगणकात बांधली. उजव्या भिंतीला तीन आरसे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे, दारात रस्ता अडवणारा लाकडी आडोसा, डावी भिंत कोरी. खुर्च्या तीन. त्यांच्या मागून जायला किती जागा उरते ते इंचांत लिहिलं. आरशात काय दिसावं ते मी ठरवलं नाही, संगणकाला हिशेब करू दिला. तिसऱ्या खुर्चीचा निम्मा भाग आरशाबाहेर गेला, तो तसाच ठेवला. वर लिहिलं, 'संयोगिता पार्लर'.

आणि एक गोष्ट मी कुणी न सांगता केली. मधल्या खुर्चीत बाई बसवली, पाठमोरी, बनुबाईंच्या हिरव्या लुगड्यातली. आरशातला तिचा चेहरा मात्र संगणकातल्या बाहुलीचा येत होता, कुणाचाच नसलेला. म्हणून तेवढ्यावर मी बनुबाईंचा तो फोटो कापून हातानं चिकटवला. रंग जुळवला, कडा पुसल्या. अख्ख्या चित्रात माझ्या हातचं एवढंच होतं. झाल्यावर मी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, कोण गं ह्या, छान आहेत.

शनिवारी दुपारी आष्ट्याला गेले, या वेळी लॅपटॉप घेऊन. संयोगिता दारातच उभी होती. तिनं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, हे बनुबाईंनी मला आत येता येता कानात सांगितलं. उद्या सकाळी खतवाले येणार होते.

मामा खाटेवर बसले. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्यांनी वरचं नाव वाचलं, मान हलवली. मग मोजायला लागले. खोलीत तीन. आरशात दोन आणि एक अर्धी. अर्ध्या खुर्चीवर त्यांचं बोट थांबलं, त्यांनी हात हवेत तिरका धरून नजर लावली, आणि मान डोलावली. बाटल्या चार, आरशात चार. दिवे मोजले. इंच वाचले. प्रत्येक वेळी संयोगिताचा श्वास अडकत होता आणि सुटत होता. मला तो ऐकू येत होता.

मग ते मधल्या खुर्चीपाशी आले. तिथं ते मोजायचे थांबले. नुसते बघत राहिले. बनुबाई खांबामागे सरकल्या.

"ह्यात एक चूक हाय," मामा म्हणाले.

माझं डोकं सणकलं. दोन दिवस, एकेक इंच, आणि अजून चूक? "नाही, मामा," मी म्हटलं, "या वेळी नाही. खुर्च्या मोजा, काहीही मोजा."

"खुर्च्या बराबर हायत. तीळ चुकलाय."

"कसला तीळ?"

"हिचा." त्यांनी बनुबाईंकडे बघितलं नाही, नुसतं बोट तिकडं केलं. "हिच्या उजव्या गालावर तीळ हाय. ही आरशाकडं तोंड करून बसली आणि मी मागं उभा ऱ्हायलो, तर आरशात बी त्यो माझ्या उजव्या अंगाला दिसाय पायजे. तुमी डाव्या अंगाला दावलाय."

मी स्क्रीनकडे बघितलं. तीळ मला आजवर दिसलाही नव्हता. डोळ्याखाली, गालाच्या वरच्या बाजूला, बाजरीच्या दाण्याएवढा. आणि तो खरोखरच चुकीच्या बाजूला होता. मी बनुबाईंचा फोटो समोरून काढला होता. समोर उभ्या माणसाचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. आरशात मात्र उजवा गाल उजवीकडेच राहतो. चिकटवण्याआधी फोटो उलटा करायला हवा होता. आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट, आणि मी ती विसरले होते. संगणकानं केलेलं सगळं बरोबर होतं. मी हातानं केलेलं तेवढं चुकलं होतं.

मामांना वाटलं मला पटलं नाही. ते उठले, आतून तो मोठा आरसा घेऊन आले आणि खांबाला टेकवला. "ये गं हिकडं," ते बनुबाईंना म्हणाले. त्या आल्या. त्यांना आरशासमोर उभं करून मामा त्यांच्या मागे उभे राहिले, आणि खांद्यावरून हात पुढे घालून आरशातल्या त्यांच्या उजव्या गालाकडे बोट दाखवलं. "हं. बघा. हितं."

आरशात दोघंही दिसत होते. बनुबाई तिळाकडे बघत नव्हत्या, मागच्या मिशांकडे बघत होत्या.

"तुमचं बरोबर आहे, मामा," मी म्हटलं. "चुकले मी." आणि हे म्हणताना मला जराही राग आला नाही, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मी तिथंच बसून फोटो उलटा केला. एका बटणाचं काम. तीळ उजवीकडे गेला. मामांनी चष्मा लावून पाहिलं. "आता हीच हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला. "रामराम," ते म्हणाले. "उद्या येऊ नगासा. न्हाई, भाड्याचं काय न्हाई. गाळा द्यायचा न्हाई. आमच्या सूनबाईचं पार्लर होणार हाय तिथं." पलीकडचा काहीतरी बोलला. "व्हय, पार्लर. मी बघितलंय. सगळं बराबर हाय."

संयोगिता पाया पडायला वाकली, तर ते संकोचून मागे सरकले. "आदी वीरधवलला फोन कर," ते म्हणाले. "आणि दोन घास खाऊन घे, आमाला काय दिसत न्हाई व्हय." ती आत पळाली. आतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं, हसत, रडत, मध्येच पुन्हा सुरुवातीपासून.

मामा पायांत वहाणा सरकवत होते. मळ्यात पाणी सोडलं होतं म्हणे. बनुबाई अजून आरशापुढेच होत्या. मी लॅपटॉप पिशवीत घालत होते, त्यामुळे त्यांना वाटलं असावं की माझं लक्ष नाही.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या, "सेहेचाळीस वरसं झाली. माझा तीळ कुठल्या गालावर हाय ते तुमी कवा बघितलासा?"

मामांनी वहाणेचा अंगठा नीट केला. वर न बघता म्हणाले, "रोज बघतो की."

आणि छडी विसरून मळ्याकडे गेले.